शाळेचा पहिला दिवस, हललेला फोटो आणि आईची ओळ

प्रश्न : लेकाचा बालवाडीतला पहिला दिवस झाला. गेटवरचा एकच फोटो आहे, तोही जरा हललाय. त्याला कॅप्शन लिहायला बसले की एकतर रडकं होतंय, नाहीतर फॉरवर्डसारखं. त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही आणि मीच शाळा सुटेपर्यंत, सव्वाअकरापर्यंत, गेटसमोर उभी. पाऊस साडेनऊला थांबला तरी माझी छत्री उघडीच. गमतीचं पण मायेचं कसं लिहू? माझा प्रयत्न असा : "माझं पिल्लू आज घरट्यातून उडालं. वेळ किती भरकन सरतो. खूप मोठा हो बाळा!"
– एक आई, कोल्हापूर

उत्तर :

ताई, कॅप्शनला जे लागतं ते सगळं तुमच्या प्रश्नात आलंय आणि तुमच्या प्रयत्नात त्यातलं काहीच उतरलेलं नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर माझी बरीच वर्षं फोटोओळी लिहिण्यात गेली. आता एका स्टुडिओसाठी बारशाच्या, वाढदिवसाच्या अल्बमातल्या ओळी लिहून देते. दोन्हीकडं हेच बघत आलेय. माणसं फोनवर सांगताना झकास बोलतात. "अहो, पाऊस कधी थांबला तेच कळलं नाही मला" असं म्हणणारी बाई कागद पुढं आला की पिल्लू, घरटं आणि आकाश काढते. बोलताना ती स्वतःची सकाळ सांगत असते आणि लिहिताना सगळ्या आयांच्या वतीनं भाषण करायला उभी राहते.

म्हणून मी अल्बमचं काम घेताना आईला "लिहून पाठवा" असं म्हणतच नाही. "व्हॉइस मेसेज करा, काय काय झालं ते सांगा" म्हणते. तुम्हीही हवं तर बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवलेले त्या दिवशीचे मेसेज काढून बघा. ओळ बहुतेक तिथंच पडलेली असते.

तुम्ही लिहिलेल्या तीन वाक्यांत चूक अशी काही नाही. पण ती शेजारच्या मुलाच्या फोटोखाली चिकटवली तरी तितकीच बसतील. छत्री तशी बसणार नाही. साडेनऊ ते सव्वाअकरा कोरड्या रस्त्यावर उघडी छत्री धरून उभी राहिलेली बाई एकच आहे.

आता नेमकं काय लिहायचं ते बघू. डेस्कवर पहिल्याच आठवड्यात शिकवतात की फोटोत जे दिसतंय ते ओळीत सांगायचं नाही. जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की प्रवेशोत्सवाच्या फोटोंचा ढीग येतो. आंब्याच्या पानांचं तोरण, फुगे, हातात गुलाब घेतलेलं एक मूल हसतंय आणि शेजारचं भोकाड पसरून बसलंय. नवा उपसंपादक खाली लिहितो, "शाळेच्या पहिल्या दिवशी रडताना चिमुकला". ते वाचकाला दिसतंच आहे. मूल कुणाचा हात शोधतंय, तो हात चौकटीबाहेर कुठं आहे, हे मात्र दिसत नाही आणि ओळीचं काम तिथं सुरू होतं. बातमीच्या फोटोत निदान नाव आणि गाव तरी सांगावं लागतं. तुमच्या फोटोचं तेही नाही, कारण बघणाऱ्या सगळ्यांना मूल माहीत आहे, शाळा माहीत आहे, पहिला दिवस आहे हेही कळतंय. राहिलं काय? फोटो काढणारी. फोटोत मूल आहे, तुम्ही नाही. म्हणून ओळ तुमच्याबद्दल हवी.

गमतीचंही तसंच. हसायचं कुणाला, हे आधी ठरवायला लागतं. त्या गेटवर एवढी माणसं असतात : मूल, बाई, रिक्षावाले मामा, दुसऱ्या आया, घरून बारीकसारीक सूचना देऊन पाठवणाऱ्या सासूबाई. यातल्या कुणावरही विनोद करता येतो. पण पहिल्या दिवसाच्या फोटोत मी फक्त एका माणसावर करू देते, लिहिणाऱ्या आईवर. सासूबाई ते वाचणार असतात, हे कारण आहेच. मोठं कारण मुलाचं. ते आज साडेतीन-चार वर्षांचं आहे, त्याला विचारून फोटो टाकलेला नाही, आणि बाराव्या वर्षी वर्गातला कुणीतरी तो नेमका शोधून काढणार. त्या दिवशी ओळीत आईची फजिती असेल तर पोरगं खांदे उडवून मोकळं होतं. त्याचं नाक गळत होतं, चड्डी ओली झाली होती असं काही असेल तर आईशी दोन दिवस बोलत नाही.

आईवर हसताना भीतीचं नाव घ्यायचं नाही. "मी खूप घाबरले होते" असं लिहिलं की वाचणारा "साहजिक आहे" म्हणतो आणि पुढं जातो. भीतीनं तुमच्याकडून काय करवून घेतलं तेवढं लिहा. वॉटरबॅगचं झाकण पुन्हा पुन्हा पिळून बघितलं, डब्यावर नाव घातलं आणि चमच्यावरही घातलं, घरी येऊन त्याच्यासाठी चुकून दूध गरम केलं. यातलं एक जरी खरं असलं तरी पुरे. तुमच्याकडं छत्री आहे. तिच्यावरून एक ओळ करून बघू, म्हणजे काम कसं चालतं ते कळेल.

तुम्ही प्रश्नात जसं सांगितलंय तसंच आधी मांडते : "मी सव्वाअकरापर्यंत छत्री धरून गेटसमोर उभी होते आणि त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही." वाक्य ठीक आहे, पण तक्रारीसारखं वाटतं. कारण मराठी वाक्याचा भार शेवटी पडतो आणि तुमच्या शेवटी त्याचं न बघणं आलंय. वाचणाऱ्याचं बोट मुलाकडं जातं. उलट करू : "त्यानं मागं वळून बघितलं नाही. मी सव्वाअकरापर्यंत छत्री धरून गेटसमोर उभी होते." आता बोट आईकडं वळलं. पण छत्री वाक्याच्या पोटात हरवली, आणि पाऊस थांबल्याचं आलंच नाही, खरी गंमत तर तिथं आहे. म्हणून नुसता पाऊस आणि छत्री ठेवू :

"पाऊस साडेनऊला थांबला. छत्री मी सव्वाअकराला मिटली."

यात मूल नाही, शाळा नाही, भीती नाही, प्रेम नाही. फोटो शेजारी असला की सगळं आहे. दोन वेळा दिल्यात, मधला पावणेदोन तासांचा हिशेब वाचणारा स्वतः करतो आणि तो हिशेब करतानाच त्याला हसू येतं. त्याचं उत्तर तुम्ही देऊन टाकलंत, "मला भानच नव्हतं" असं पुढं जोडलंत, तर ते हसू त्याच्या हातातून काढून घेतल्यासारखं होईल. दोन वाक्यांच्या मध्ये "पण" किंवा "मात्र" घालायचा मोहही आवरा. असे शब्द कोपरानं ढोसतात, "बघा हं, आता गंमत येतेय" म्हणून. हसणाऱ्या-रडणाऱ्या इमोजीचंही तेच. माझ्या अल्बमात त्याला जागा नाही. तुमच्या पोस्टवर घालायचा असेल तर तुमची मर्जी, पण आधी काढून वाचून बघा.

घरच्या ग्रुपवर ही ओळ चालेल. मामा, मावश्या, आज्या सगळ्यांना पाऊस आणि तुम्ही दोघंही माहीत आहेत. उघड्या खात्यावर ती टाकू नका, कारण त्यात शाळा सुटायची वेळ आहे. गेटवर शाळेच्या नावाची पाटी, खाली सुटायची वेळ, आणि वर मुलाचं पूर्ण नाव, एवढं एका ठिकाणी अनोळखी माणसाला मिळायला नको. गळ्यातलं ओळखपत्रही बघा. त्यावर बहुधा नाव, वर्ग आणि तुमचाच मोबाईल नंबर असतो. फोटो हललाय म्हणता, तर वाचता येत नसेल, तरी दोन बोटांनी मोठा करून खात्री करा. पाटी आणि ओळखपत्र दोन्ही कापता येत असेल तर कापा. फोटोचं काही बिघडत नाही, मुलाचा चेहरा उलट जवळ येतो.

उघड्या खात्यासाठी मग काय? तर जी गोष्ट तुम्ही फोटोतला दोष म्हणून सांगितलीत, तीच. फोटो हललाय. हे वाचलं तेव्हाच मला ओळ दिसली. पण त्याआधी फोटो खरंच तुमच्या हातानं हललाय का ते बघायला लागेल. खोट्या तपशिलावर उभी असलेली ओळ पहिली मावशीच पकडते.

जूनची सकाळ, आभाळ भरलेलं, उजेड कमी. अशा वेळी मोबाईलचा कॅमेरा उजेड गोळा करायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात काहीही हललं तरी त्याचा ओरखडा उमटतो. फोटो मोठा करून गेटचे गज बघा. गज आणि मूल दोन्ही एकाच दिशेला पुसल्यासारखे दिसत असतील तर हात हलला. गज स्वच्छ आहेत आणि फक्त पोरगं पुसट आहे, तर तो हलला, तुम्ही नाही. आणि कुठल्याच दिशेला ओढ नाही, सगळंच दुधाळ, दिव्यांभोवती उजेडाचे डाग, तर लेन्सवर पाणी किंवा वाफ होती.

गज हलले असतील असं धरून चालू, कारण एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाईल असताना तो स्थिर राहायला यंत्रच हवं. (छत्रीचं हे कारण ओळीत सांगायचं नाही. लोकांना हात का हलला याचा त्यांच्या मनानं अंदाज करू द्या. खोटं तुम्ही काहीच बोलत नाही.) पहिला खर्डा :

"फोटो जरा हललाय, पण तो अगदी सरळ उभा होता."

"पण" गेला पाहिजे, ते झालंच आपलं. "अगदी" पण जाऊ दे. उरलं, "फोटो जरा हललाय. तो सरळ उभा होता." इथं एक अडचण आहे. फोटोही तो आणि पोरगाही तो. वाचणारा क्षणभर फोटोच सरळ उभा करून बघतो. मग त्याला नाव द्यायला हवं. खरं नाव उघड्या खात्यावर नको. "बाळ" म्हटलं की गंमत मऊ पडते. "लेक" चालेल. पण माझ्या मते इथं नेमका शब्द "चिरंजीव" आहे :

"फोटो जरा हललाय. चिरंजीव सरळ उभे होते."

आदरार्थी बहुवचनात आपल्याकडं मायेची थट्टा आयती आहे, ती वापरायला काय हरकत? एवढंसं पोर, गुडघ्यापर्यंत रेनकोट, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठं दप्तर, आणि त्याला "उभे होते". त्यात कौतुकही आहे. आईचा धीर सुटलाय आणि पोराचा नाही, हे तुम्ही त्याला एकदम मोठा माणूस करून सांगितलंत. मुलगी असती तर "बाईसाहेब सरळ उभ्या होत्या" म्हटलं असतं. मात्र हे एकदाच. याच अल्बमात पुढं "चिरंजीव जेवले", "चिरंजीव झोपले" असं चालू राहिलं की तिसऱ्या पानाला कंटाळा येतो.

अजून एक पायरी आहे. वर्तमानपत्रात फोटोओळीच्या शेवटी कंसात फोटोग्राफरचं नाव येतं, "छाया : अमुक". मराठी पेपर वाचणाऱ्या घरात ते सगळ्यांच्या डोळ्यांना सवयीचं आहे. तुमचं नाव तिथं घाला :

"फोटो जरा हललाय. चिरंजीव सरळ उभे होते. (छाया : आई)"

आता कोण हललं ते कळलं, आणि तेही सगळ्यात शेवटी, सगळ्यात औपचारिक जागी. तुम्ही स्वतःबद्दल एकही वाक्य लिहिलेलं नाही. मला हीच ओळ सगळ्यात आवडते.

फोटो चांगलाच हलला असेल, म्हणजे बघता क्षणी कळत असेल, तर पहिलं वाक्यही काढून टाका. दिसतंय ते सांगायचं नाही, हा नियम इथंही आहे. "चिरंजीव सरळ उभे होते. (छाया : आई)" एवढंच ठेवलं तर ओळ जास्त धारदार होते. पण मोबाईलच्या लहान पडद्यावर थोडासा हललेला फोटो स्वच्छच वाटतो आणि मग ती ओळ कुणालाच लागणार नाही. कसं ठरवायचं? घरातल्या कुणाला तरी काही न सांगता फोटो दाखवा. "हललाय की गं" असं आपणहून आलं, तर वाक्य काढा. "छान आलाय" म्हणाले, तर ठेवा.

बोलीबद्दल थोडं. तुम्ही प्रश्नात "मागं", "बघितलं" लिहिलंत, तसंच राहू द्या. कॅप्शन लिहायला घेतलं की कोल्हापूरची माणसंसुद्धा "मागे वळून पाहिले नाही" असं पाठ्यपुस्तकातलं लिहायला लागतात आणि आवाज दुसऱ्या कुणाचा तरी होतो. याचं दुसरं टोकही असतं. पोराच्या शाळेच्या फोटोवर "नादखुळा", "विषय हार्ड", "जगात भारी" असलं काही लिहिलं की चौकातला डिजिटल बोर्ड झाला, खाली फक्त "शुभेच्छुक" घालायचं बाकी राहतं. घाबरलेली आई असं बोलत नाही. आजोबांनी गेटवर पोराला "रडायचं न्हाई, वाघ हाईस तू" म्हटलं असेल, तर ते त्यांच्या तोंडचं म्हणून जसंच्या तसं घ्या, ते सोनं आहे.

पोराच्या तोंडचं वाक्यही तसंच. "शाळा कशी होती?" विचारलं की "छान" येतं आणि संपतं. रात्री "तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?" किंवा "बाईंनी साडी नेसली होती की ड्रेस?" असं काहीतरी एकच विचारा आणि गप्प राहा. जे येईल ते त्याच्या व्याकरणात लिहून ठेवा. माझ्या भाचीनं पहिल्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं होतं, "तिथं खूप मुलं रडायलेत, त्यांची आई गेली." तिची स्वतःचीही गेलीच होती, ते तिच्या हिशेबात नव्हतं. त्या वाक्याला वर-खाली काही जोडायची गरज पडली नाही, फोटोखाली तेवढंच घातलं.

तुमचा मुलगा रडला नाही, म्हणून वरच्या ओळी जमल्या. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं मूल रडलं असेल तर ताठ उभं राहण्याची ओळ खोटी ठरेल आणि रडण्यावरची गंमत मला पटत नाही. पण आईवर वळवली तर तीही जमते. एका अल्बमाला आम्ही अशी ओळ दिली होती : "ती दहा मिनिटं रडली, असं बाई म्हणाल्या. माझं कुणी मोजलं नाही." पहिलं वाक्य बातमीसारखं कोरडं आहे म्हणून दुसरं चालतं. "माझी सोनुली खूप खूप रडली" असं सुरू केलं असतं तर पुढचं नुसतं रडगाणं झालं असतं. मूल फार रडलं, उलटी झाली, दोन-तीन दिवस जायलाच तयार नाही असं असेल, तर गंमत लांबणीवर टाका. फोटो कुठं जात नाही. पंधरा दिवसांनी, घडी बसल्यावर, तीच गोष्ट हसत लिहिता येते.

आणि फोटो तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे दुधाळ निघाला, तर त्यालाही ओळ आहे : "फोटो धूसर आलाय. लेन्सवर पाऊस होता, असं मी सगळ्यांना सांगितलंय." इथं आईचं रडणं "सांगितलंय"मध्ये दडलेलं आहे. "असं मी सांगितलंय"च्या जागी "खरं तर डोळ्यांत पाणी होतं" लिहून बघा, लगेच फॉरवर्ड होतं.

एक खास कोल्हापूरची ओळही सांगते, वापरायची की नाही ते तुम्ही ठरवा. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. आपल्याकडं हे शाळेत शिकवतात, जयंतीच्या भाषणांत दरवर्षी येतं. म्हणून ही : "मुलाला शाळेत पाठवलं नाही तर महाराज महिन्याला एक रुपया दंड करायचे. आदल्या रात्री मी रुपया काढून ठेवला होता." महाराजांबद्दल इथं आदरच आहे, फजिती आईची आहे, म्हणून ती खटकत नाही. 26 जूनला जयंती असते, शाळा सुरू होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात. त्या दिवशी टाकली तर अगदी बसते. पण पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना दंडाची गोष्ट ठाऊक असेलच असं नाही, आणि खाली समजावून सांगायला लागली की ती मेली. शिवाय तिच्यात तुमचं पोरगं कुठंच नाही, फक्त तुम्ही आहात. म्हणून मी तिला दुसऱ्या नंबरवर ठेवते.

लांबीचं फार मनावर घेऊ नका. इन्स्टाग्रामवर सुरुवातीची साधारण सव्वाशे चिन्हं दिसतात आणि पुढचं more च्या आड जातं. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पाय हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळं आपल्याला वाटतं त्यापेक्षा ती लवकर भरतात. वरच्या सगळ्या ओळी त्यात बसतात. मात्र आधी तारीख, हॅशटॅग, "अखेर तो दिवस आलाच..." असं काही घातलंत, तर नेमकी शेवटची "(छाया : आई)" दाबली जाईल. हॅशटॅग हवेच असतील तर पहिल्या कमेंटमध्ये टाका.

फोटो छापून अल्बमात लावणार असाल तर तिथं थोडं वेगळं. स्टेटस चोवीस तासांत जातं, ते बघणारे सगळे ओळखीचे असतात. अल्बम पंचवीस वर्षांनी सुनेच्या किंवा नातवाच्या हातात पडतो आणि तेव्हा कुणाला काही ठाऊक नसतं. म्हणून ओळीखाली मुलाचं पूर्ण नाव, शाळा, गाव आणि तारीख वर्षासकट घाला. इथं लपवायचं काही नाही. फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नका. दाबाचा वण पुढच्या बाजूला उमटतो, आणि लॅबच्या गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही, वर दुसरा फोटो ठेवला की त्याच्या तोंडाला लागते. वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लिहा आणि ती पट्टी फोटोच्या खिशात मागं सरकवा.

तेवढं गेटच्या गजांचं बघून कळवा. गज स्वच्छ असतील आणि पोरगाच हलला असेल, तर "सरळ उभे होते" चालणार नाही, मग घरच्या ग्रुपवर छत्रीची ओळ घ्या. उघड्या खात्यासाठी त्यानं घरी आल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं ते मला सांगा, त्यावरून बघू.